लांबलचक चॅटचा एकच उभा स्क्रीनशॉट, आणि त्यातला हवा तेवढाच भाग: कसं जमवता?

मृण्मयी_ठाणे
मंडळी, भाड्याचं घर सोडलं आणि आता घरमालक डिपॉझिट परत द्यायला खळखळ करतायत. मार्च ते जूनमधली सगळी बोलणी व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. वकीलबाई म्हणाल्या, "सुटे सुटे फोटो पाठवू नका, मागचापुढचा संदर्भ तुटतो. सलग पाठवा आणि कामाचं तेवढंच ठेवा."

फोन अँड्रॉइड आहे, त्यात स्क्रीनशॉट काढल्यावर खाली स्क्रोलचं बटण येतं. ते वापरून उभा स्क्रीनशॉट निघतो, पण तीन अडचणी आहेत. एक, मध्येच कुठेतरी मेसेज अर्धा कापल्यासारखा किंवा दोनदा आल्यासारखा दिसतो. दोन, गॅलरीत कापायला घेतलं की अख्खं चित्र बारीक पट्टीएवढं दिसतं आणि कुठे कापतेय तेच कळत नाही. तीन, वकीलबाईंना पाठवलं तर त्यांच्याकडे अक्षरं वाचता येत नाहीत. माझ्या फोनवर मात्र व्यवस्थित दिसतात.

तुम्ही कसं करता?

तात्या_सांगलीकर
एवढा खटाटोप कशाला करताय? चॅट उघडा, वरचे तीन ठिपके, More, Export chat. अख्खं संभाषण टेक्स्ट फाइलमध्ये येतं, तारीख-वेळेसकट. दोन मिनिटांचं काम. स्क्रीनशॉटची भानगडच नको.

मृण्मयी_ठाणे
तात्या, ती फाइल काढून झालीय. पण नोटपॅडमध्ये उघडून त्यात कुणीही काहीही बदलू शकतं, म्हणून बाईंना पडदा जसा दिसतो तसाच हवाय. वर नाव, नंबर, निळ्या टिका, सगळं.

तात्या_सांगलीकर
स्क्रीनशॉटही बदलता येतोच की! पण ठीक आहे, वकील म्हणतील तसं.

पिक्सेलबुवा
तात्यांची फाइल टाकून देऊ नका, पुढे लागणार आहे. आधी मेसेज का तुटतो ते सांगतो.

बहुतेक फोनमधलं स्क्रोल बटण काय करतं, तर पडदा थोडा सरकवतं, फोटो घेतं, परत सरकवतं, परत घेतं, आणि दोन फोटोंमधला सारखा भाग शोधून तिथे सांधा जोडतं. आता व्हॉट्सअ‍ॅपमध्ये बघा. मेसेज वर सरकतात, पण मागचं नक्षीचं वॉलपेपर जागचं हलत नाही. म्हणजे सांधा शोधणाऱ्याला एकाच पडद्यावर दोन साक्षीदार भेटतात, एक म्हणतो "सरकलं", दुसरा म्हणतो "नाही सरकलं". छोटे छोटे मेसेज असतील आणि बाजूला वॉलपेपर भरपूर दिसत असेल, तर फोन कधीकधी वॉलपेपरवर विश्वास ठेवतो. मग मेसेज दोनदा येतो किंवा गायब होतो. दोनदा आलेला निदान दिसतो. गायब झालेला दिसत नाही, खरा धोका तोच.

त्यावर उपाय सोपा. तेवढ्यापुरतं त्या चॅटचं वॉलपेपर बदलून साधा एकच रंग ठेवा, नक्षी नको. मग जुळवायला फक्त मेसेजच उरतात.

दुसरी गोष्ट, स्क्रोल करताना वर तरंगती तारीख येते, ती प्रत्येक फोटोत उमटते आणि सांध्यापाशी भुतासारखी राहते. तिला घाबरू नका. दोन दिवसांच्या मध्ये जी तारखेची पट्टी कायम असते ती वेगळी, आणि आपल्याला महत्त्वाची ती.

काढायच्या आधी 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. सांधे जुळवताना वरून एखादं नोटिफिकेशन उतरलं की ते चित्रात बसतं. आणि लांब मेसेजखाली "Read more" आलं असेल तर ते आधी दाबून घ्या, नाहीतर घरमालकांचं अर्धंच म्हणणं येईल.

सुलभा_पाककला
अय्या, मला हेच हवं होतं! एका ब्लॉगवर पुरणपोळीची कृती आहे, ती छापून फ्रिजवर लावायचीय. पण खाली प्रतिक्रिया इतक्या आहेत की प्रिंट काढली तर पानंच्या पानं जातील. मी पूर्ण पानाचा फोटो काढला तर मधले कृतीचे फोटो सगळे पांढरे चौकोन आलेत. माझा लॅपटॉप आहे, फोन नाही.

पिक्सेलबुवा
सुलभाताई, तुमचं प्रकरण वेगळं आणि सोपं आहे. पांढरे चौकोन येतात कारण हल्लीच्या पानांवर फोटो तुम्ही तिथवर पोचल्यावरच उतरतात. आधी स्पेसबार दाबत दाबत सावकाश शेवटपर्यंत जा, फोटो दिसू द्या, मग परत वर या आणि मग काढा. एंड बटण दाबून एकदम तळाला उडी मारली तर मधले फोटो राहून जातात.

फायरफॉक्स असेल तर Ctrl+Shift+S दाबा. पानावर माउस फिरवला की एकेका भागाभोवती चौकट दिसते. कृतीचा अख्खा मजकूर चौकटीत आला की क्लिक करा, तेवढाच भाग निवडला जातो, प्रतिक्रिया बाहेर. नंतर कापायची गरजच नाही. क्रोम असेल तर कृतीवर राइट-क्लिक करून Inspect, मग उजवीकडच्या कोडमध्ये वर-खाली माउस नेऊन अख्खी कृती निळी होईल ती ओळ शोधा, तिच्यावर राइट-क्लिक, "Capture node screenshot".

सुलभा_पाककला
फायरफॉक्सवाली चौकट आली! पण पानाच्या वरची ब्लॉगच्या नावाची पट्टी कृतीच्या मध्यभागी आलीय.

पिक्सेलबुवा
ती चिकटपट्टी आहे, पान सरकलं तरी जागेवर राहणारी. तिच्यावर राइट-क्लिक, Inspect, कोडमधली तिची ओळ निवडलेली असताना कीबोर्डवरचं Delete दाबा. फक्त तुमच्या पडद्यावरून जाते, ब्लॉगला काही होत नाही. रिफ्रेश केलं की परत येते.

तात्या_सांगलीकर
मग मृण्मयीताई पण हेच करू शकतील की! व्हॉट्सअ‍ॅप वेब क्रोममध्ये उघडायचं, Ctrl+Shift+I, मग Ctrl+Shift+P, screenshot टाइप करायचं, "Capture full size screenshot". झालं अख्खं चॅट एका चित्रात. मी बातम्यांच्या साइटवर हेच करतो, झक्कास येतं.

मृण्मयी_ठाणे
करून बघितलं तात्या. फक्त पडद्यावर दिसत होतं तेवढंच आलं.

पिक्सेलबुवा
येणारच. बातमीच्या साइटवर अख्खं पान सरकतं. व्हॉट्सअ‍ॅप वेबमध्ये पान हलतच नाही, आतला चॅटचा डबा तेवढा सरकतो. क्रोमच्या दृष्टीने पानाची उंची म्हणजे पडद्याची उंची, म्हणून तो प्रामाणिकपणे तेवढंच देतो. असे आतून सरकणारे डबे अनेक ठिकाणी असतात. ओळखायची खूण म्हणजे स्क्रोल केल्यावर वरचा भाग आणि बाजूची यादी दोन्ही जागच्या जागी राहतात.

त्यावर तोड आहे: पडदाच खोटा उंच करायचा. चॅटमध्ये वर जाऊन जुने मेसेज आधी उतरवून घ्या. मग Ctrl+Shift+I, त्यानंतर Ctrl+Shift+M. वर मापाचे दोन आकडे दिसतील. रुंदी १००० च्या आसपास आणि उंची ९९९९ करा, त्याहून जास्त तो घेत नाही. तिथल्याच तीन ठिपक्यांतून "Add device type" आणि "Add device pixel ratio" घेऊन पहिलं Desktop आणि दुसरं १ करा. चॅटचा डबा ताणला जाऊन लांब होतो. आता त्याच ठिपक्यांतून "Capture screenshot".

ते १ विसरू नका. लॅपटॉपचा पडदा बारीक दाण्याचा असेल तर तिथे २ असतं, मग ९९९९ चे जवळजवळ २०,००० पिक्सेल होतात. क्रोम १६,३८४ पिक्सेलच्या पुढे गेला की बिघडतो, वरचाच भाग खाली पुन्हा छापतो किंवा कोरं सोडतो. खाली अचानक मार्चचेच मेसेज परत दिसले तर कारण हेच.

ओसरीवरचा_माणूस
बुवा, माझ्याकडे हा प्रयोग अर्धवट चालला. उंची वाढली, पण वरच्या अर्ध्या भागात मेसेजच उतरले नाहीत, नुसती कोरी जागा. थोडं वर-खाली केल्यावर काही आले, काही नाही.

पिक्सेलबुवा
होतं असं. व्हॉट्सअ‍ॅप वेब एका वेळी लागतील तेवढेच मेसेज मांडून ठेवतं. उंची वाढवल्यावर थोडं थांबून, माउसने हलकंसं स्क्रोल करून मग काढा. तरीही कोरं राहिलं तर उंची ५००० वर आणून दोन खेपांत काढा. हमखास म्हणून मी सांगणार नाही, साइट बदलली की वागणूक बदलते.

नेत्रा_आयफोनवाली
आयफोन घ्या, सगळे प्रश्न मिटतात 😄 स्क्रीनशॉट काढला, त्यावर टॅप केलं की वर "Full Page" येतं. बाजूला अख्ख्या पानाची छोटी पट्टी दिसते, क्रॉप पण तिथेच.

पिक्सेलबुवा
सफारीत, हो. तिथे ते छान आहे, आणि iOS 17 पासून पीडीएफऐवजी फोटो म्हणूनही जतन करता येतं. व्हॉट्सअ‍ॅप उघडून बघा बरं, "Full Page" येतंय का?

नेत्रा_आयफोनवाली
… नाही येत. मी कायम सफारीतच वापरत होते. मग आयफोनवाल्यांनी चॅटसाठी काय करायचं?

पिक्सेलबुवा
सुटे स्क्रीनशॉट घ्यायचे, प्रत्येकात आधीच्याचा एखाद-दुसरा मेसेज पुन्हा येईल असे, आणि जोडणारं अ‍ॅप वापरायचं. फक्त ते अ‍ॅप फोटो कुठे बाहेर तर पाठवत नाही ना हे बघा, कारण तुम्ही त्याला खासगी चॅट देताय.

अँड्रॉइडवाल्यांनीही सगळे फोन सारखे समजू नयेत. अँड्रॉइड १२ पासून "Capture more" असं बटण मूळ प्रणालीतच आलं. ते फोटो जुळवत बसत नाही, अ‍ॅपलाच पुढचा भाग काढून दे म्हणतं. त्यामुळे सांधा स्वच्छ, पण ते काही पडद्यांपुरतंच जातं. अनेक कंपन्यांनी मात्र स्वतःची सरकवत जाणारी पद्धत ठेवलीय. ती लांब जाते, पण सांध्यावर नजर ठेवावी लागते.

मृण्मयी_ठाणे
वॉलपेपर साधा केलं आणि परत काढलं. चित्र आता १०८० रुंद आणि १४,३८० उंच आहे, दोनदा येणारा मेसेज गेला. पण गायब झालेला कसा ओळखू? चार महिन्यांचं डोळ्याने ताडून बघायचं?

पिक्सेलबुवा
इथे तात्यांची फाइल कामाला येते. त्यात एकेका मेसेजला तारीख-वेळ असते. चित्रात वाद ज्यावरून आहे तेवढा भाग घ्या आणि फक्त वेळा वाचत जा. कुठे दोन मेसेजमध्ये फुगा थोडा चपटा वाटला, कोपरा गोल नसून सरळ कापलेला दिसला, किंवा दोन फुग्यांमधलं अंतर इतरांपेक्षा वेगळं दिसलं, तर तिथली वेळ फाइलमध्ये शोधा.

मृण्मयी_ठाणे
बापरे. पहिल्या, वॉलपेपरवाल्या चित्रात ७:४२ नंतर थेट ७:५८ आहे. फाइलमध्ये मध्ये ७:४५ चा मेसेज आहे, त्यांचाच: "पेंटिंगचे वजा करून बाकीचे महिनाअखेर देतो." सगळा वाद ज्यावर आहे तेच वाक्य! नव्या चित्रात आहे. मी जुनं चित्र पाठवलं असतं तर?

तात्या_सांगलीकर
बघा, म्हाताऱ्याची फाइल! 😌

पिक्सेलबुवा
तात्या, तुम्हाला पूर्ण गुण.

मृण्मयीताई, आता कापणं. गॅलरीत उभं चित्र अख्खं मावायला बघतं म्हणून पट्टी होते. फोनवरच करायचं तर स्क्रोल थांबवल्यावर लगेच येणाऱ्या पडद्यावर कापा, किंवा गॅलरीत दोन-तीन टप्प्यांत. आधी ढोबळ कापा, जतन करा, मग उरलेलं मोठं दिसतं, तेव्हा बारीक.

पण तुम्हाला वकिलांना द्यायचंय, तर लॅपटॉपवर करा. चित्र केबलने किंवा ड्राइव्हवरून न्या, व्हॉट्सअ‍ॅपने नको, कारण पुढे सांगतो. विंडोजच्या पेंटमध्ये उघडा आणि हव्या त्या मेसेजच्या जरा वर माउस ठेवा. खाली डावीकडे दोन आकडे दिसतात, दुसरा म्हणजे वरून किती पिक्सेल खाली आहात. तुमचा भाग कुठून कुठवर आहे?

मृण्मयी_ठाणे
त्या दिवसाच्या तारखेची पट्टी ३१५० ला आहे. शेवटचा मेसेज ७३५० ला संपतो.

पिक्सेलबुवा
म्हणजे ४२०० उंची. तारखेची पट्टी घेतलीत हे छान, तिच्याशिवाय नुसत्या वेळा राहतात आणि दिवस कुठला ते कळत नाही.

हे ए-४ वर छापायचं तर १०८० रुंदीला साधारण १५०० उंची एका पानात नीट बसते. तीन पानं होतील. थेट तीन तुकडे केले तर एखादा मेसेज कापला जाईल, म्हणून प्रत्येक पानावर आधीच्या पानाचे १०० पिक्सेल पुन्हा येऊ द्यायचे. कमांडने चित्र कापणारं इमेजमॅजिक बसवलेलं असेल, तर चित्राला `lamb.png` नाव देऊन:

```
magick lamb.png -crop 1080x1500+0+3150 +repage p1.png
magick lamb.png -crop 1080x1500+0+4550 +repage p2.png
magick lamb.png -crop 1080x1400+0+5950 +repage p3.png
```

पहिला जोड रुंदी-उंचीचा, पुढचे दोन आकडे म्हणजे डावीकडून किती आणि वरून किती सोडायचं. `+repage` नसेल तर पीएनजी जुनी मोठी चौकट आठवणीत ठेवतं आणि काही ठिकाणी भोवती रिकामी जागा दिसते. कुठला फुगा १०० पिक्सेलपेक्षा उंच असेल आणि तरीही कापला जात असेल, तर त्या पानाची सुरुवात थोडी वर घ्या, आकडे काही दगडावर कोरलेले नाहीत.

आणि मूळ `lamb.png` हात न लावता ठेवा.

मृण्मयी_ठाणे
कमांडची सवय नाही पण झालं! p1, p2, p3 आले. एक गोष्ट राहिली, बाईंना अक्षरं का वाचता येत नव्हती?

पिक्सेलबुवा
व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना लहान करतं. नेहमीच्या दर्जात लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. साध्या फोटोला ते चालतं. तुमच्या चित्राची लांब बाजू १४,३८०. ती १६०० झाली की रुंदी १०८० ची १२० उरते. १२० पिक्सेलमध्ये मराठीची एक ओळ, काना-मात्रा कुठे दिसणार! एचडीने थोडा फरक पडतो, पण इतक्या उंच चित्राला पुरत नाही. त्यामुळे फोटो म्हणून नाही, अटॅचमेंटमधून Document म्हणून पाठवा. तसं पाठवलं की फाइल आहे तशी जाते. नाहीतर ईमेल.

अ‍ॅड_दुपारची
वकील आहे, पण हा सल्ला समजू नका, तुमच्या वकीलबाईंना विचारा. दोन गोष्टी. मूळ चॅट पुसू नका आणि फोन बदलायचा असेल तर आधी त्यांना सांगा. 'नाहीसे होणारे मेसेज' चालू असेल तर आजच बंद करा. आणि कोर्टात द्यायची वेळ आली तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे, त्यात प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक पक्षकाराने भरायचा आणि एक तज्ज्ञाने.

ओसरीवरचा_माणूस
डिपॉझिटसारख्या छोट्या वादात तो तज्ज्ञ कुठून आणायचा?

अ‍ॅड_दुपारची
खरं सांगायचं तर यावर आमच्यातही एकमत नाही. प्रत्यक्षात वेगवेगळं चालताना दिसतं. बहुतेक प्रकरणं नोटिशीलाच मिटतात, तिथे हे लागत नाही.

नेत्रा_आयफोनवाली
कापलेला भाग खरंच जातो का? मी आयफोनवर कापलेला फोटो नंतर Revert केला की पूर्ण परत येतो.

पिक्सेलबुवा
चांगला मुद्दा. आयफोनवर क्रॉप म्हणजे झाकणं, मूळ फोटो खाली असतोच. एरवी पाठवल्यावर कापलेलाच जातो, पण एअरड्रॉप करताना Options मध्ये "All Photos Data" चालू असेल तर मूळही सोबत जातो. २०२३ मध्ये गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या मार्कअप या स्क्रीनशॉट कापायच्या टूलमध्ये याहून वाईट दोष सापडला होता. कापलेलं चित्र जुन्या फाइलवरच लिहिलं जायचं आणि जुन्या फाइलचं शेपूट तसंच मागे राहायचं, त्यातून कापलेला भाग बराचसा परत काढता यायचा. त्या मार्चच्या अपडेटमध्ये दुरुस्त झाला, पण त्याआधी पाठवलेली चित्रं लोकांच्या फोनमध्ये पडूनच आहेत. विंडोजच्या स्निपिंग टूलमध्येही तसंच निघालं होतं.

आणि तिऱ्हाइतांचे नंबर झाकताना हायलाइटरने काळं फासू नका. ते पारदर्शक असतं, ब्राइटनेस वाढवला की आकडे दिसतात. भरीव काळा चौकोन टाका.

सुलभा_पाककला
कृती छापून झाली हो, फोटोंसकट दोन पानांत. वरची पट्टी Delete ने गेली. 🙏

मृण्मयी_ठाणे
तिन्ही पानं आणि टेक्स्ट फाइल Document म्हणून पाठवली, बाईंनी उघडून वाचली. आता एक नवीनच निघालंय. घरमालकांचे दोन व्हॉइस मेसेज मध्ये आहेत. चित्रात नुसती तरंगांची पट्टी आणि ०:३७ दिसतं. त्यांचं काय करायचं?

ओसरीवरचा_माणूस
ते मेसेज दाबून धरले की Share येतं, तिथून ऑडिओ फाइल वेगळी काढता येते. नाव मात्र त्या पानाच्या नंबरशी जुळेल असं ठेवा, उदा. p2 मधला असेल तर `p2-0745.opus`.

अ‍ॅड_दुपारची
आणि त्यात काय बोललंय ते कागदावर उतरवून द्या. ऐकायला कुणाला वेळ नसतो.

मृण्मयी_ठाणे
उतरवते. त्यातल्या एकात ते मिक्सर चालू असताना बोलतायत, निम्मं कळत नाहीये. कुणाला आवाज साफ करायचं काही माहीत असेल तर सांगा.